रिंगणात प्रत्येक दुसरा बाद : सूत्र पाठ आहे, पण ते चालतं का?

सुईदोरा
भाचीबरोबर (वय ११) बटणांचा खेळ चालला होता. १३ बटणांवर पेनाने १ ते १३ आकडे घातले आणि गोल मांडले. १ला सोडायचं, २ बाद, ३ला सोडायचं, ४ बाद, असं गोल गोल फिरत राहायचं. शेवटी एकच बटण उरतं. ते कोणतं, हे मी आधीच कागदावर लिहून घडी घालून ठेवलं होतं : ११. तिने सगळं मोजलं, ११च उरलं, माझा भाव वधारला.

मग तिने विचारलं, "कसं कळलं?" मला लहानपणापासून पाठ असलेलं सांगितलं : १३च्या आतली दोनाच्या पटीपटीने वाढणारी (१, २, ४, ८, १६...) सगळ्यात मोठी संख्या ८. तेरातून ८ गेले, राहिले ५. पाचाची दुप्पट १०, वर एक, ११. त्यावर पुढचा प्रश्न, "पण असं का?" इथे माझी बोबडी वळली.

त्यात तिचे बाबा आले, त्यांनी तीच १३ बटणं मोजली आणि त्यांचं १० उरलं. दोघंही छातीठोकपणे सांगतायत की आपण चुकलो नाही.

तर प्रश्न दोन. सूत्र का चालतं? आणि १० कुठून आलं?

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

फटकळ
बाबांनी पहिल्या झटक्यात १लाच बाद केलं असणार. विचारून बघा.

सुईदोरा
@फटकळ, विचारलं. "मग कुठून सुरू करणार? एकपासूनच ना!" असं उत्तर आलं. म्हणजे तसंच झालंय. पण ११चं १० व्हायला नेमकं काय झालं?

पत्तेपिसे
अगदी हाच घोटाळा मी भर पाहुण्यांसमोर केलाय. पत्त्यांची जादू आहे, बरेच जण करतात. गड्डी हातात घ्यायची, वरचं पान खाली सरकवायचं, पुढचं टेबलावर टाकायचं. परत एक खाली, एक टेबलावर. हातात शेवटी एकच पान राहतं आणि ते समोरच्याने निवडलेलं निघतं. पूर्ण ५२ पानांत वरून ४१व्या जागी असलेलं पान उरतं. (५२ वजा ३२, २०. दुप्पट ४०, वर एक.) म्हणून पान गुपचूप ४१व्या जागी आणून ठेवायचं, बाकी सगळी बडबड.

त्या दिवशी बोलण्याच्या नादात पहिलंच पान टेबलावर टाकलं. शेवटी उरलं ४०वं. पाहुणे भले होते, टाळ्या वाजवल्या. पण ज्याने पान निवडलं होतं तो माझ्याकडे बघतच राहिला.

कारण साधं आहे. पहिलं पान टाकलंत, तर दुसऱ्या पानाची जी अवस्था होते ती नेहमीच्या खेळात तिसऱ्या पानाची असते. सगळी गोष्ट एक घर मागे सरकते. ११चं १०, ४१चं ४०.

फटकळ
आणि ८ बटणं असतील तर? नेहमीच्या पद्धतीने १ उरतं. एक घर मागे म्हणजे शून्य नंबरचं बटण?

पत्तेपिसे
गोल आहे हो. एकच्या मागे आठ. करून बघा : १, ३, ५, ७ जातात, मग २, ६, मग ४. उरलं ८.

भोळा सांब
मला तर १३ला ८ उत्तर आलं, ना ११ ना १०. मी मुलं रांगेत उभी आहेत असं धरलं. १, ३, ५, ७, ९, ११, १३ बाद. उरले २, ४, ६, ८, १०, १२. आता परत पहिल्यापासून : २, ६, १० बाद. उरले ४, ८, १२. परत पहिल्यापासून : ४ आणि १२ बाद. उरला ८. तुमचं सूत्र चुकतंय की काय?

सोळाआणे
भोळा सांब, तुम्ही चुकला नाहीत, वेगळा खेळ खेळलात. दर फेरीला तुम्ही रांगेच्या तोंडाशी परत आलात. रिंगणात तोंड नसतं, मोजणी जिथे पोचली तिथूनच पुढे जाते. १३ जणांत १३ला सोडल्यावर बाद व्हायची पाळी १ची येते. तुमच्या रांगेत तसं कधीच होत नाही. गंमत म्हणजे तुमच्या खेळात नेहमीच १, २, ४, ८, १६ यांतलाच कोणीतरी उरतो, कारण प्रत्येक फेरीत सगळ्यांचे क्रमांक निम्मे होतात आणि विषम निघाला की तो गेला. जास्तीत जास्त वेळा निम्मा होऊ शकणारा टिकतो. त्या ८चा इथल्या ८शी संबंध आहेच, पण उत्तर म्हणून नाही.

आता सुईदोराताईंच्या भाचीचा प्रश्न. "का?" या प्रश्नासाठी सूत्र बाजूला ठेवा आणि फक्त ८ बटणं मांडा. १ला सोडून २ बाद, असं करत एक फेरी पूर्ण झाली की २, ४, ६, ८ गेलेली असतात. शेवटचं बाद झालेलं ८, म्हणजे पाळी बरोब्बर १वर परत आली, आणि आता ४ बटणं आहेत. पुन्हा फेरी, पुन्हा पाळी १वर, आता दोन. पुन्हा फेरी, १ एकटाच. ८ ऐवजी १६, ३२, ६४ घ्या, हेच होतं. भिडूंची संख्या अशी निम्मी निम्मी होत एकापर्यंत येणारी असेल, तर ज्याच्यापासून मोजणी सुरू होते तोच उरतो. एवढंच कळायला हवं.

१३ ही तसली संख्या नाही. पण खेळ चालू राहिला की माणसं कमी होतात, आणि केव्हातरी ८ राहणारच. त्यासाठी ५ जण जायला हवेत : २, ४, ६, ८, १०. इथे खेळ थांबवा आणि बघा पाळी कोणाची आहे. १० आत्ताच गेला, म्हणजे मोजणी आता ११पासून सुरू होणार. रिंगणात ८ जण आहेत आणि सुरुवात ११ची. मग उरणार कोण?

दुप्पट का करायची ते यातच आलं. पाच जणांना घालवायला दहा घरं चालावी लागतात. आणि "वर एक" म्हणजे त्यानंतरचा पहिला माणूस.

सुईदोरा
अहाहा. म्हणजे सूत्र उत्तर शोधत नाहीच, "८ जण उरतील तेव्हा पाळी कोणाची" एवढंच शोधतं! इतकी वर्षं पाठ म्हणतेय आणि आत्ता कळलं.

अर्धाकच्चा
सोळाआणे, छान समजावलंत. पण १३ला ८ का घ्यायचे? १६ जास्त जवळ आहे, तीनचाच फरक. सूत्रात जवळची संख्या घ्यायला हवी असं मला वाटतं.

सोळाआणे
तेराचे सोळा होणार कसे? रिंगणातून माणसं फक्त बाहेर जातात. १६ जण असण्याचा क्षण या खेळात येणारच नाही, ८ जण असण्याचा येणार. म्हणून खालचीच संख्या, ती कितीही लांब असो.

अर्धाकच्चा
हं. पटलं. प्रतिसाद मागे.

बिटबहाद्दर
माझी कहाणी. नोकरीच्या परीक्षेत हाच प्रश्न होता, फक्त भिडूंची संख्या अवाढव्य. यादी करून एकेक काढत बसलो असतो तर वेळ संपला असता. सूत्र आठवलं, ऐटीत लिहिलं, सगळी लहान उदाहरणं पास, आणि एक मोठं नापास. घरी येऊन शोधलं तर हे निघालं :

```python
import math
n = 2**50 - 1
m = int(math.log2(n))
print(2 * (n - 2**m) + 1)
```

हे चालवलं की उत्तर येतं -1. भिडू क्रमांक उणे एक वाचला!

होतं असं की n ही २च्या ५०व्या घातापेक्षा फक्त एकाने कमी आहे. तिचा लॉग ५०च्या इतका जवळ आहे की दशांशात साठवताना तो थेट 50.0 होतो. मग सूत्र वरची संख्या घेतं, म्हणजे अर्धाकच्चांनी वर जी चूक सुचवली तीच मशीन आपल्या नकळत करतं. लॉगच्या फंदात न पडता `m = n.bit_length() - 1` लिहिलं की बरोबर उत्तर येतं, आणि ते उत्तर n स्वतःच असतं. सगळ्यात शेवटचा माणूस वाचतो.

ओळखायची खूण : उत्तर नेहमी विषम आणि १ ते n मध्ये असायला हवं. विषम तर -1 पण आहे, म्हणून फक्त पहिली अट तपासून मी गाफील राहिलो.

अर्धाकच्चा
म्हणजे माझी चूक संगणकालाही होते. जिवाला बरं वाटलं.

खडूफळा
बिटांचा विषय निघालाच आहे तर माझं आवडतं. १३ द्विमान पद्धतीत लिहा : ११०१. डावीकडचा १ उचलून उजव्या टोकाला ठेवा : १०११. हे झाले ११. खेळ संपला! ५२ म्हणजे ११०१००, त्याचं झालं १०१००१, म्हणजे ४१, पत्तेपिश्यांचं पान.

हे सोळाआण्यांच्या स्पष्टीकरणापेक्षा वेगळं काही नाही. डावीकडचा १ काढला म्हणजे ८ वजा केले, बाकीचे अंक एक घर डावीकडे सरकले म्हणजे दुप्पट झाली, शेवटी १ लावला म्हणजे वर एक. पण मुलांना हे फार आवडतं, हातचलाखीसारखं दिसतं.

यातून एक खेळ निघतो. आलेल्या उत्तराइतके भिडू घेऊन पुन्हा खेळायचं. १३चे ११, ११चे ७, ७चे ७. इथे अडकलं. कुठूनही सुरू करा, १, ३, ७, १५, ३१ यांपैकी कशावर तरी अडकतं. मधली शून्यं पुढे आली की गळून पडतात, १ मात्र सगळे शिल्लक राहतात. १३मध्ये तीन १ आहेत म्हणून १११, म्हणजे ७.

रिकामटेकडा
जेवून आलो तर धाग्याने पन्नासावा घात गाठलाय.

अर्धाकच्चा
आता हे बरोबर असणारच : प्रत्येक तिसरा बाद असेल तर दोनाऐवजी तीनाचे घात घ्यायचे. ३, ९, २७. मी ९ बटणं घेऊन हाताने मोजलं. ३, ६, ९ गेले, मग ४, ८, मग ५, मग २, मग ७. उरला १! म्हणजे तीनाच्या घातालाही पहिलाच उरतो. सिद्ध झालं.

सोळाआणे
अर्धाकच्चा, तुमची मोजणी अचूक आहे, आणि तीच तुम्हाला फसवतेय. आता फक्त ३ बटणं घ्या.

अर्धाकच्चा
१, २, ३ बाद. १, २, १ बाद. उरला २. अरे?

सोळाआणे
आणि २७ घेतलीत तर २० उरतो. नऊला १ येणं हा योगायोग आहे. दोनाच्या खेळात फेरीला निम्मे जातात आणि निम्मेच उरतात, म्हणून ८चे ४, ४चे २ असं पुन्हापुन्हा बिनबाकी जमतं. तीनाच्या खेळात एकतृतीयांश जातात आणि *दोनतृतीयांश उरतात*. ९चे झाले ६, सहाचे झाले ४, आणि चाराला तीनाने भाग जात नाही. पाळी पहिल्यावर परत येण्याचा जो आधार होता तोच निसटला.

मग करायचं काय? उलट बाजूने यायचं. जागा शून्यापासून मोजा. एकच माणूस असेल तर तो शून्यावर. दोन जण असतील तेव्हाची जागा काढायला आधीच्या उत्तरात ३ मिळवा आणि दोनाने भागून बाकी घ्या. तीन जणांसाठी त्यात परत ३ मिळवा, तीनाने भागून बाकी. असं एकेक माणूस वाढवत न्यायचं. शेवटी १ मिळवून नेहमीचा क्रमांक. २७ला २७ पायऱ्या लागतात, एका ओळीचं सूत्र नाही.

खडूफळा
तीनासाठीही एका स्थिरांकाचं सूत्र आहे की. त्या स्थिरांकाला दीडाच्या योग्य घाताने गुणून पूर्णांक घ्यायचा.

सोळाआणे
आहे, पण तो स्थिरांक पुरेशा अंकांपर्यंत काढायला याच पायऱ्या चढाव्या लागतात. याला मी सूत्र म्हणत नाही, जिना लपवलेली माडी म्हणतो.

खडूफळा
यावर आपलं जमणार नाही. माझ्या मते सूत्र ते सूत्रच.

इतिहासखोर
या कोड्याचं नाव ज्याच्यावरून पडलं त्याची गोष्ट कोणीच सांगितली नाही. योसेफस हा ज्यू सेनानी. इ.स. ६७मध्ये गॅलिलीतलं योडफाट रोमनांनी जिंकलं तेव्हा तो ४० जणांबरोबर एका गुहेत लपला. शरण जाण्यापेक्षा मरण बरं असं बाकीच्यांनी ठरवलं. मग ४१ जण गोल उभे राहिले आणि प्रत्येक दुसरा मारला गेला. ४१ वजा ३२, ९, दुप्पट १८, वर एक. तो १९व्या जागी उभा राहिला आणि वाचला.

फटकळ
मी तर प्रत्येक तिसरा असं वाचलंय. जागा ३१.

सोळाआणे
तिसऱ्याच्या खेळात ४१ला ३१ येतं, गणित बरोबर आहे. पण योसेफसने स्वतः लिहिलेल्या हकिकतीत रिंगणही नाही आणि मोजणीही नाही. चिठ्ठ्या टाकल्या, असंच तो सांगतो. शेवटी तो आणि आणखी एकजण उरले, ते नशिबाने म्हणा की देवाच्या मर्जीने, असं त्याचंच म्हणणं. मग त्याने दुसऱ्याचं मन वळवलं आणि दोघं शरण गेले. रिंगण नंतरच्या लोकांनी जोडलं.

इतिहासखोर
चिठ्ठ्या टाकून शेवटच्या दोनांत येणं म्हणजे फारच नशीब. मोजदाद झालीच असणार, तो सांगेल कशाला?

फटकळ
चिठ्ठ्या कोणाच्या हातात होत्या यावरही बरंच असतं.

जोडीदार
पण तुम्ही सगळे एकालाच वाचवताय. तो तर दोघं वाचले म्हणतो! मला मित्रालाही वाचवायचंय. प्रत्येक दुसरा बाद असताना, शेवटून दुसरा कोण? १३च्या खेळात मोजलं तर सगळ्यात शेवटी ३ बाद होतो. म्हणजे मी ११वर, मित्र ३वर. पण ४१ला मोजत बसायचा कंटाळा आला.

बिटबहाद्दर
४१मधून ३२ गेले की ९ राहतात, १९ तुमची जागा. मित्राला शेजारी १७ किंवा २१वर ठेवा, जवळ असलेलं बरं.

सोळाआणे
बिटबहाद्दर, शेजाऱ्याचा इथे काही उपयोग नाही. १३च्या खेळात ११च्या दोन्ही बाजूंचे १० आणि १२ पहिल्याच फेरीत गेले. ९ आणि १३सुद्धा ३च्या आधी गेले.

जोडीदार, तुमचा प्रश्न झकास आहे, आणि तोच युक्तिवाद पुन्हा लागतो. आता दोनऐवजी तीनावर नजर ठेवा. तीनच जण उरलेत आणि मोजणी पहिल्यापासून सुरू : १ सुटला, २ बाद, ३ सुटला, १ बाद. म्हणजे सुरुवात करणारा शेवटून दुसरा. आता ६ जण घ्या : एका फेरीत निम्मे जातात, तीन उरतात आणि पाळी परत पहिल्यावर. १२, २४, ४८लाही तेच. म्हणजे ३, ६, १२, २४, ४८ यांपैकी जितके जण उरतील, त्या क्षणी ज्याची पाळी तो शेवटून दुसरा.

४१च्या आत अशी मोठ्यात मोठी संख्या २४. ४१ वजा २४, १७. दुप्पट ३४, वर एक, ३५. तुम्ही १९वर, मित्र ३५वर. १३ला १२ वजा केले तर १, दुप्पट २, वर एक ३. तुमच्या मोजणीशी जुळतं. दोनच भिडू असतील तर मात्र ही यादी वापरू नका, तिथे २ हाच दुसरा.

जोडीदार
दंडवत. मित्राला कळवतो, तो विचारतोय की "तू १९ आणि मी ३५, म्हणजे आधी मरणार मीच ना?"

रिकामटेकडा
मित्र हुशार आहे.

सुईदोरा
धागा वर काढतेय. आज भाचीला ८ बटणांपासून दाखवलं. २, ४, ८, १६ तिने स्वतःच मांडून बघितलं, आणि १३ला पाच काढून झाल्यावर ती मध्येच थांबून ओरडली, "आता आठ आहेत! आणि पाळी अकराची!" पुढे मोजलंच नाही.

बाबांशी तह झाला. आता खेळ सुरू करायच्या आधी "पहिला सोडायचा की काढायचा" हे मोठ्याने बोलायचं.

पण तिने नवीन काढलंय. कोणी बाद झालं की मोजणीची दिशा उलटायची. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. १३ला कोण उरतं ते ती आत्ता मोजतेय. सूत्र आहे का कोणाकडे?

सोळाआणे
बाद झालेल्याच्या जागेवरून उलटं मोजायचं, की सुटलेल्यापासून? ते ठरल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही.

सुईदोरा
विचारून येते. ती म्हणतेय आधी दोन्ही तऱ्हांनी खेळून बघू.